‘वजावट’ की ‘कपात’?

प्रश्न : आमच्या ऑफिसात जानेवारीत जाणाऱ्या मेलचा मराठी मसुदा माझ्याकडे आला आहे. त्यात वाक्य आहे : ‘कर कपातीसाठी गुंतवणुकीचे पुरावे १५ जानेवारीपर्यंत सादर करावेत, अन्यथा कर कपात करण्यात येईल.’ वाचताना काहीतरी खटकतं. कुठला शब्द चुकलाय?

दुसरी ‘कपात’ बरोबर आहे, पहिली चुकली आहे. पहिल्या जागी ‘वजावट’ हवी.

पगारातून पैसे कापले जातात ती कपात. कंपनी दरमहा टीडीएस कापते ती करकपात. वजावट मात्र उत्पन्नातून होते, आणि तीही कर मोजण्याआधी, कागदावर. कलम ८०सी खाली पीपीएफ, विम्याचा हप्ता, मुलांची शाळेची फी यांची रक्कम उत्पन्नातून वजा होते आणि उरलेल्या उत्पन्नावर कर बसतो. वजावट वाढली की कपात घटते. म्हणजे या दोन शब्दांचं नातं उलटं आहे, आणि मसुद्यात नेमके तेच एका शब्दाखाली आले आहेत. इंग्रजीत दोन्हीला ‘डिडक्शन’ म्हणतात, हिंदीतही दोन्हीकडे ‘कटौती’ चालते, त्यामुळे भाषांतरात हा घोळ सहज होतो. मराठीत दोन वेगळे शब्द आयते आहेत, ते वापरायलाच हवेत. त्यातून अर्थसंकल्पाच्या दिवशी बातम्यांत ‘करकपात’ म्हणजे कराचे दर कमी होणं. तो अर्थ डोक्यात असलेल्याला तुमचं ‘अन्यथा कर कपात करण्यात येईल’ चक्क आनंदाची बातमी वाटेल.

आकड्यांत बघू. आर्थिक वर्ष २०२४-२५, जुनी करप्रणाली, साठीच्या आतली कर्मचारी, पगार ९ लाख. (व्यवसाय कर सोपेपणासाठी बाजूला ठेवतो.) ५० हजारांची प्रमाणित वजावट गेली, उरले साडेआठ लाख. एप्रिलमध्ये तिने ८०सी खाली दीड लाख गुंतवणार असं डिक्लेरेशन दिलं, म्हणून ऑफिसने ७ लाखांवर कर धरला : उपकरासह ५४,६०० रुपये, महिन्याला ४,५५०. डिसेंबरपर्यंत नऊ महिन्यांत ४०,९५० कापून झाले. आता पुरावे आले नाहीत, तर दीड लाखाची वजावट निघून जाते, करपात्र उत्पन्न पुन्हा साडेआठ लाख होतं आणि वर्षाचा कर ८५,८०० वर जातो. राहिलेले ४४,८५० रुपये जानेवारी ते मार्च या तीन पगारांतून निघायला हवेत, म्हणजे दरमहा १४,९५०. ‘अन्यथा’च्या पुढे खरं तर हे यायला हवं : कपात कधीपासून वाढेल आणि का.

मसुद्यात आणखी एक गोष्ट सांगायची राहिली आहे, आणि मला ती शब्दाच्या चुकीपेक्षा मोठी वाटते. १५ जानेवारी ही ऑफिसची मुदत आहे, कायद्याची नाही. गुंतवणूक ३१ मार्चपर्यंत केलेली चालते, आणि ऑफिसकडे राहून गेलेली ८०सी ची वजावट विवरणपत्रात मागता येते. फक्त जुनी प्रणाली निवडून ते मुदतीत भरायला हवं. वरच्या उदाहरणातले ३१,२०० रुपये जास्त कापले गेले तरी बुडत नाहीत, रिफंड म्हणून परत येतात. माझ्या एका जुन्या ऑफिसात मेलमध्ये नुसतं ‘वजावट मिळणार नाही’ असं होतं. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी ते खरं मानलं आणि विवरणपत्रात पीपीएफचा आकडाच घातला नाही. त्या एका अपुऱ्या वाक्याची मला अजून चीड येते.

रिफंडला ‘परतावा’ म्हणणं बरोबरच आहे, पण ज्या मेलमध्ये ‘गुंतवणूक’ आहे तिथे तो गुंतवणुकीवरचा नफा वाटू शकतो. इथे रिफंडच ठेवा. ‘गुंतवणुकीचे पुरावे’ही थोडं अपुरं पडतं, कारण फी किंवा घरभाडं ही गुंतवणूक नव्हे, खर्च आहे. फक्त ‘गुंतवणूक’ लिहिलं तर भाड्याच्या पावत्या घरीच राहतात. आणि नवी प्रणाली घेतलेल्यांना ८०सी लागूच नाही, तेव्हा मेल कुणासाठी आहे ते पहिल्याच ओळीत सांगा.

मी असं लिहीन :

‘जुनी करप्रणाली निवडलेल्यांसाठी : एप्रिलमध्ये कळवलेल्या गुंतवणुकीचे व खर्चाचे पुरावे फॉर्म १२बीबी सोबत १५ जानेवारीपर्यंत द्यावेत. ज्या रकमेचा पुरावा येणार नाही, तिची वजावट आम्ही धरणार नाही आणि जानेवारी ते मार्चच्या पगारांतून त्यानुसार जास्त टीडीएस कापला जाईल. ३१ मार्चपर्यंत केलेल्या ८०सी च्या गुंतवणुकीची वजावट विवरणपत्र मुदतीत भरून मागता येईल. जास्त कापलेला कर रिफंड म्हणून मिळेल.’