पुनर्मुद्रित लेखाचा संदर्भ: मूळ साल कोणते, पान कोणाचे

प्रश्न: "माझ्या प्रबंधात बाबासाहेबांचा 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वारंवार येतो. भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या महाविद्यालयात शासनाने काढलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या ग्रंथमालेचा खंड १ आहे, पण तो ज्या नियतकालिकात आधी छापला गेला ते इथे कुठेच नाही. मार्गदर्शक म्हणतात की एपीए पद्धतीने मूळ आणि पुनर्मुद्रण दोन्ही द्या. मी १९१६ लिहू, १९१७ लिहू की १९७९? आणि पाने कोणती द्यायची?"

ताई, आपण निवडलेला निबंध या प्रश्नासाठी फार योग्य आहे, कारण पुनर्मुद्रणाच्या बहुतेक अडचणी त्या एकाच निबंधात सापडतात. पानांचे उत्तर आधी देतो. अवतरणाला पान नेहमी आपण प्रत्यक्ष वाचलेल्या प्रतीचेच द्यावे. आपल्यापुढे खंड १ आहे, म्हणून प्रत्येक अवतरणाला त्या खंडाचे पान द्यावे; मूळ नियतकालिकाची पाने फक्त संदर्भसूचीतील नोंदीच्या शेवटी, पूर्वप्रसिद्धीच्या तपशिलात येतील. अवतरण खंडातून उतरवायचे आणि पान मात्र मूळ अंकाचे लावायचे, असे केले तर परीक्षकाला ते वाक्य दोन्हीकडे सापडत नाही.

आता सालाकडे वळू. हा निबंध ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील मानवशास्त्राच्या चर्चासत्रात वाचला गेला आणि मे १९१७ मध्ये 'द इंडियन अँटिक्वरी'त छापला गेला. १९१६ हे वाचनाचे साल आहे, प्रकाशनाचे नव्हे. ते आपल्या विवेचनात अवश्य सांगावे, पण नोंदीत मूळ प्रकाशनाचे साल म्हणून १९१७ च द्यावे. शासनाच्या शिक्षण विभागाने वसंत मून यांच्या संकलनात खंड १ काढला तो १९७९ मध्ये, आणि त्यात हा निबंध पृष्ठ ३ ते २२ वर आहे. त्यामुळे मजकुरातील कंसात (आंबेडकर, १९१७/१९७९, पृ. ५) असे जोडसाल येईल, आणि संदर्भसूचीतील नोंद साधारण अशी होईल:

आंबेडकर, बी. आर. (१९७९). कास्ट्स इन इंडिया: देअर मेकॅनिझम, जेनेसिस अँड डेव्हलपमेंट. व. मून (संक.), डॉ. बाबासाहेब आंबेडकर: रायटिंग्ज अँड स्पीचेस (खंड १, पृ. ३–२२). शिक्षण विभाग, महाराष्ट्र शासन. ("कास्ट्स इन इंडिया: देअर मेकॅनिझम, जेनेसिस अँड डेव्हलपमेंट" या लेखाचे पुनर्मुद्रण, १९१७, द इंडियन अँटिक्वरी, ४६, पृ. ८१–९५)

लेखकाच्या जागी मून यांचे नाव घालण्याची चूक प्रबंधांत पुष्कळ दिसते. त्यांचे नाव ग्रंथाच्या नावाआधी संकलक म्हणून येते. कंसात (मून, १९७९) लिहिले की निबंधाचे विचार मून यांचे ठरतात.

जोडसाल हा केवळ नियमाचा सोपस्कार नाही. याच खंडात 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'ही आहे, आणि ते प्रथम १९३६ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्हींना नुसते १९७९ लावले तर पद्धतीप्रमाणे १९७९अ आणि १९७९ब करावे लागेल, आणि कोलंबियातील पंचविशीच्या विद्यार्थ्याचे लेखन व त्यानंतर जवळजवळ दोन दशकांनी आलेला तो ग्रंथ वाचकाला एकाच वर्षीचे वाटतील. शिवाय बाबासाहेबांचे निधन १९५६ चे. "आंबेडकर (१९७९) असे मांडतात" हे वाक्य वाचताना परीक्षकाने भुवई उंचावली तर त्यात त्याचा दोष नाही. जोडसाल घातले की मजकुरात १९१७/१९७९ आणि १९३६/१९७९ आपोआप वेगळे दिसतात.

वरच्या नोंदीत मी अँटिक्वरीचा खंड क्रमांक ४६ दिला आहे, हे आपण आपल्या प्रतीशी ताडून पाहाल तेव्हा खटकेल. शासनाच्या खंडात निबंधाच्या पूर्वप्रसिद्धीच्या ओळीत 'मे १९१७' पुढे रोमन आकड्यांत ४१ छापलेले आहे आणि असंख्य लेखांनी ते तसेच उचलले आहे. पण हे नियतकालिक १८७२ मध्ये सुरू झाले आणि त्याचा दर वर्षी एक खंड निघत असे. त्या हिशेबाने ४१ वा खंड १९१२ चा होतो आणि १९१७ चा खंड ४६ वा. रोमन आकड्यांत पाचाचे एक अक्षर गळले की ४६ चे ४१ होतात. छपाईत हे सहज घडते. म्हणून पुनर्मुद्रणाने दिलेला मूळ तपशील आहे तसा उतरवण्याआधी नियतकालिकाचे पहिले साल शोधून साल व खंड यांचा मेळ बसतो का, एवढे तरी पाहावे. मेळ बसला नाही तर मूळ अंक गाठावा. त्यासाठी नागपूरला खेप घालण्याची गरज नाही. या नियतकालिकाचे जुने खंड archive.org वर आहेत. बांधीव खंडाचे शीर्षकपान आणि निबंधाचे पहिले व शेवटचे पान उघडून पाहिले की काम झाले. क्रमांक दुरुस्त करून दिल्यावर त्याची एका ओळीची तळटीपही द्यावी, नाहीतर फक्त शासनाचा खंड पाहणारा परीक्षक आपलीच चूक धरेल.

मूळ अंक पाहताच आला नाही, तर पुनर्मुद्रणात सांगितलेला तपशील देण्यास हरकत नाही. मात्र तो कोणी सांगितला हे स्पष्ट करावे आणि आपण मूळ अंक वाचला आहे असा आभास कुठेही होऊ देऊ नये. मराठी निबंधसंग्रहांत हा तपशील कधी लेखाच्या शेवटी, कधी ऋणनिर्देशात, तर कधी अखेरच्या 'पूर्वप्रसिद्धी' या पानावर दडलेला असतो. दिवाळी अंकातील लेखाला बहुधा खंड क्रमांक मिळत नाही. तिथे अंकाचे नाव, 'दिवाळी' आणि साल एवढे पुरते. क्रमांक कल्पनेने भरू नये. संग्रहासाठी लेखकाने लेख बदलला असेल किंवा संपादकाने तो संक्षिप्त केला असेल, तर 'पुनर्मुद्रण' हा शब्द पुरेसा नाही; 'सुधारित' किंवा 'संक्षिप्त' असे नोंदीतच लिहावे, कारण आपण उद्धृत केलेले वाक्य मूळ लेखात नसण्याचीही शक्यता असते.

आपल्या प्रतीचे साल एकदा नीट तपासून घ्या. नवी दिल्लीच्या डॉ. आंबेडकर प्रतिष्ठानाने हे खंड २०१४ मध्ये पुन्हा छापले आहेत, आणि संगणकावर फिरणारी प्रत बहुधा तीच असते. ग्रंथालयात वाचलेली प्रत १९७९ ची आणि रात्री मोबाइलवर पाहिलेली २०१४ ची, अशी सरमिसळ प्रबंधात होता कामा नये. २०१४ ची प्रत वापरत असाल तर जोडसाल १९१७/२०१४ होईल, प्रकाशक बदलेल आणि १९७९ चा उल्लेख तळटिपेत जाईल. तिरक्या रेघेच्या दोन बाजूंना मूळ प्रकाशन आणि आपल्या हातातली प्रत अशी दोनच साले असतात, तिसरे तिथे घालू नये. तालुक्याच्या ग्रंथालयांत पुन्हा बांधलेल्या प्रतींचे शीर्षकपान अनेकदा गेलेले असते. अशा वेळी दाखल नोंदवहीतील साल घेऊ नका, ते खरेदीचे असते. प्रस्तावनेखालील तारीख आणि दुसऱ्या ग्रंथालयातील अखंड प्रत यांवरून आवृत्ती ठरवा.

उद्या मार्गदर्शक बदलले आणि एपीएऐवजी एमएलए पद्धत मागू लागले, तर कंसात फक्त लेखकाचे नाव व खंडातील पान राहील आणि मूळ प्रकाशनाचा तपशील नोंदीच्या शेवटी ऐच्छिक म्हणून येईल. शिकागोच्या लेखक-साल पद्धतीत मूळ साल कंसात आधी येते, म्हणजे (१९१७) १९७९ असे. पान तिन्ही पद्धतींत खंडाचेच राहते.