एकाच सेट-टॉप बॉक्सवर दुसऱ्या खोलीतला टीव्ही

प्रश्न: हॉलमधल्या सेट-टॉप बॉक्सवरून आईच्या खोलीतला टीव्ही चालेल का? स्प्लिटर घेऊ की वायरलेस?

उत्तर: चालेल, पण दोन्हीकडे एकच चॅनल दिसेल. आईंना मालिका आणि तुम्हाला मॅच असं एकाच वेळी हवं असेल तर दुसरं कनेक्शनच घ्यावं लागेल.

स्प्लिटर बॉक्सच्या पुढे, एचडीएमआयवर लावायचा. छत्रीकडून येणारी केबल फोडून थेट टीव्हीला जोडली तर काहीच दिसणार नाही, कारण सिग्नल उलगडतो तो बॉक्समध्ये. स्प्लिटर स्वतःचा अडॅप्टर असलेलाच घ्या.

कोथरूडला आमच्या घरी हॉल ते बेडरूम केबल भिंतीकडेने नेली तर बारा मीटर भरली. साध्या एचडीएमआय केबलवर चित्रात पांढरे ठिपके चमकायचे, मधेच पडदा काळा व्हायचा. ही लांबीची खूण. मग लॅनच्या कॅट-६ वायरवर चालणारा एक्स्टेंडर लावला, तेव्हापासून चित्र स्थिर आहे. त्यात रिमोटचा सेन्सरही होता. तो नक्की बघून घ्या, नाहीतर चॅनल बदलायला आईंना दरवेळी हॉलमध्ये यावं लागेल.

दुसरा टीव्ही जुना, कमी रिझोल्यूशनचा असेल तर हॉलमधलं चित्रही खाली उतरू शकतं. अशा वेळी बॉक्सला लाल-पांढरी-पिवळी एव्ही पिन आहे का बघा. बऱ्याच बॉक्समध्ये ती एचडीएमआयसोबतच चालू राहते, मग स्प्लिटर लागतच नाही.

वायरलेस मी एकाच भिंतीपलीकडे घेईन. पेठेतल्या जुन्या वाड्याच्या जाड भिंती असतील तर वायरच ओढा.