जाळीच्या तारा: आधी बाहेरच्या, मग अंगावरच्या

बडोद्याच्या कमाटीबागेत जाळीआडून काढलेल्या फोटोतून आजींचा कटआउट चांगला निघालाय. आता उरलेल्या तारा काढायला इरेजर नको, मास्क वापर; चुकून खांदा गेला तरी परत आणता येतो. खाली गडद लाल लेयर टाक. पांढऱ्यावर लपणारे तारांचे राखाडी तुकडे, विशेषतः कोपर आणि कमरेमधल्या फटीतले, लगेच दिसतील. ते मास्कवर काळ्या ब्रशने घालव.

अंगावरच्या तारांसाठी वेगळा रिकामा लेयर घे आणि क्लोन स्टॅम्पला खालचा लेयरही वाचू दे. ब्रश तारेपेक्षा किंचितच जाड हवा. नमुना तारेला लागून घे, साडीची घडी जुळव. नवशिके कडेलाही हीलिंग ब्रश फिरवतात. तो शेजारचा रंग ओढतो आणि पदराची कड धुरकटते. तिथे क्लोनच बरा.

बुबुळावरूनच तार गेली असेल, तर मागचं काही फोटोत आलेलंच नाही. त्याच वेळचा दुसरा फोटो शोध.