मॅचिंग केलं तरी एमिटरचा रजिस्टर लागतोच

प्रश्न: आउटपुटला तीन-तीन ट्रान्झिस्टर पॅरलल आहेत, प्रत्येकाच्या एमिटरला ०.२२ ओहमचा रेझिस्टर. ट्रान्झिस्टर मॅच करून घेतले तर हे रेझिस्टर काढून जंपर मारला तर चालेल का? पॉवर वाढेल का?

नाही चालणार. पॉवरचं म्हणाल तर ३०० वॅटच्या जागी ३१० मिळतील, तेवढा फरक कानाला कळतही नाही.

खरं तर इथेच थांबलो असतो, पण "मॅच करून घेतले तर" हे वाचलं आणि राहवलं नाही. हेच वाक्य मी वीस वर्षांपूर्वी सांगलीत, ज्यांच्या हाताखाली शिकलो त्या तात्यांच्या तोंडून ऐकलंय. त्या वाक्यापायी एका मंडळाची मिरवणूक मुकी झाली आणि बोलणी मला खावी लागली.

गणपतीचा सीझन होता. दुकानात पाय ठेवायला जागा नाही, अँप्लिफायरवर अँप्लिफायर रचलेले. अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी एका साउंडवाल्याचा अँप्लिफायर आला. दोन्ही रेल ६० व्होल्टच्या, वरच्या बाजूला तीन ५२०० आणि खालच्या बाजूला तीन १९४३. वरच्या बाजूचे तिन्ही ट्रान्झिस्टर शॉर्ट आणि त्यांच्या एमिटरचे पांढरे सिमेंटचे रजिस्टर तडकून ओपन झालेले. (आमच्याकडे रेझिस्टर कुणी म्हणत नाही, रजिस्टरच म्हणतात. मीही तसंच लिहितो.) ट्रान्झिस्टर दुकानात होते, ०.२२ पाच वॅट संपले होते. बाजारात जाऊन आलो, कुठेच मिळाला नाही.

तात्या म्हणाले, "जंपर मार." मी म्हटलं, "तात्या, तीन पॅरलल आहेत." तर म्हणाले, "अरे ट्रान्झिस्टर मॅच असला की रजिस्टर कशाला लागतोय? कंपनीवाले मॅचिंग करत बसत नाहीत म्हणून ते घालतात." मग त्यांनी मल्टिमीटरच्या एचएफई सॉकेटला वायरी लावून पंधरा-वीस ५२०० तपासले आणि ९५, ९६, ९७ असे तीन काढून दिले. मायका मी लावले, पेस्ट मी लावली, स्क्रू मी आवळले. तांब्याच्या वायरचे जंपर मात्र त्यांनी स्वतः मारले. सिरीज बल्बवर चालू केला, दहा मिनिटं गाणं वाजवलं, छान वाजला. सिरीज बल्बवर वाजणारच, कारण करंट वाढायला लागला की बल्ब आपोआप रेल खाली ओढतो. चोर पकडायला निघायचं आणि त्याचेच हात बांधून ठेवायचे, तसा प्रकार.

मिरजेच्या मिरवणुकीत, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर, रात्री अकराच्या सुमाराला धप्प झालं. आधी बेस स्पीकरमधून एक जाड घरघर आली आणि मग जळका वास. रेलचे ६० व्होल्ट सरळ कॉइलवर बसले होते. दुसऱ्या दिवशी उघडला तर वरच्या तिघांपैकी फक्त मधला सी-ई शॉर्ट, आजूबाजूचे दोन्ही ठणठणीत. मधला काढला तर त्याच्या मायकाच्या अर्ध्या भागाला पेस्टच लागलेली नव्हती. झालं. तात्यांनी तो मायका साउंडवाल्यासमोर धरला आणि म्हणाले, "हे बघा, पोराचा मायका कोरडा." स्पीकर रिकोनिंगचे पैसे माझ्या पगारातून कापले गेले.

आता मुद्द्यावर येतो.

पॅरलल म्हणजे तिन्ही बेस एकत्र आणि जंपर मारला की तिन्ही एमिटरही एकत्र. म्हणजे तिघांना बेस-एमिटर व्होल्टेज एकच मिळतं. करंट किती घ्यायचा हे ते व्होल्टेज ठरवतं, गेन नाही. गेन, म्हणजे तोच एचएफई, फक्त सांगतो की ड्रायव्हरकडून बेसला किती करंट ओढला जाईल, आणि ड्रायव्हर तो ज्याला लागेल तेवढा देतो. त्यामुळे ९५, ९६, ९७ हे आकडे वहीत लिहून ठेवायला छान, पण करंट वाटून घ्यायच्या कामाचे नाहीत. एचएफई अगदी सारखा असलेल्या दोन नगांमध्ये बेस-एमिटरला २० मिलीव्होल्टचा फरक आरामात निघू शकतो. तेवढ्या फरकाने एक नग दुसऱ्याच्या दुपटीहून थोडा जास्त करंट घेतो. वर ते मल्टिमीटरचं सॉकेट मोजतं काही मिलीअँपियरवर आणि हा माल चालणार अँपियरवर.

बरं, समजा बेस-एमिटरनेही मॅच केले. तरी गरम झाल्यावर काय? ट्रान्झिस्टरची चिप एक अंश तापली की त्याच करंटसाठी त्याला साधारण दोन मिलीव्होल्ट कमी लागतात. व्होल्टेज तेवढंच ठेवलंत तर तो जास्त करंट घेतो, म्हणून जास्त तापतो, म्हणून आणखी जास्त घेतो. हेच थर्मल रनअवे. आता हिशेब करू. एका ट्रान्झिस्टरमध्ये काही कारणाने १० मिलीअँपियर जास्त गेले. ६० व्होल्टवर ते झाले ०.६ वॅट. चिपपासून मायका ओलांडून हीटसिंकपर्यंत, पेस्ट नीट असेल तर, दर वॅटला साधारण दीड अंश फरक पडतो. म्हणजे चिप ०.९ अंशाने तापली आणि १.८ मिलीव्होल्टचा धक्का बसला, करंट आणखी वाढवण्याच्या बाजूने.

आता त्याला अडवणारं काय आहे? ०.२२ मधून तेच १० मिलीअँपियर गेले की त्यावर २.२ मिलीव्होल्ट पडतात आणि तेवढे बेस-एमिटरमधून वजा होतात. धक्का १.८ चा, ओढ २.२ ची. ओढ जिंकली. ०.२२ आकाशातून पडलेला नाही, तो असा येतो. शिवाय ट्रान्झिस्टरचीही स्वतःची थोडी ओढ असते. १०० मिलीअँपियर आयडलला ती ०.२६ ओहमसारखी वागते, म्हणजे १० मिलीअँपियरला २.६ मिलीव्होल्ट. पण ही घरची ओढ करंट वाढला की कमी होत जाते. १५० मिलीअँपियरच्या आसपास ती १.८ च्या खाली येते आणि अँपियरवर गेल्यावर जवळजवळ उरतच नाही. बाहेरचा रजिस्टर मात्र करंट कितीही असो, तेवढाच राहतो.

आता आमचा अँप्लिफायर घ्या. मधल्याचा मायका अर्धा कोरडा, तेव्हा दर वॅटला दीडच्या ऐवजी अडीच अंश धरा. धक्का झाला ३ मिलीव्होल्टचा. जंपर असल्यामुळे समोर फक्त घरची २.६ ची ओढ. म्हणजे तो आयडलवरच, गाणं वाजत नसतानाच हरलेला होता. तो करंट ओढत गेला आणि बाकीचे दोघे हात झटकून मोकळे झाले. रेल ६० ची आणि लोड चार ओहमचा असेल तर सगळ्यात वाईट वेळी एका बाजूला साधारण ९० वॅटची उष्णता होते. तिघांनी वाटून घेतली तर प्रत्येकी ३०. एकट्याने घेतली तर ९० गुणिले दीड, म्हणजे चांगल्या पेस्टवरसुद्धा हीटसिंकच्या वर १३५ अंश. हीटसिंक ६५ ला असेल तर चिप २०० ला. त्या ट्रान्झिस्टरची मर्यादा १५० आहे.

रजिस्टर असता तर समोर २.६ अधिक २.२, म्हणजे ४.८ ची ओढ असती आणि धक्का ३ चाच. मधला थोडा जास्त तापला असता, पण रात्र काढली असती. हे मी नुसतं कागदावर म्हणत नाही. पुढे स्वतःचं टेबल झाल्यावर मी मुद्दाम एक मायका अर्धा कोरडा लावून, ०.२२ घालून बघितलं. अर्ध्या तासाने बाकीच्या दोघांवर २० मिलीव्होल्ट, कोरड्यावर ३१. तिथेच थांबला, पुढे सरकला नाही.

रजिस्टरचा दुसरा उपयोग हाच, की आत काय चाललंय ते दिसतं. मीटर २०० मिलीव्होल्टवर ठेवा आणि प्रत्येक ०.२२ वर लावा. २२ दिसले म्हणजे १०० मिलीअँपियर. २६, २१, २० असे आले तर काळजी नाही. ४० आणि १० असे आले तर तिथे काहीतरी आहे: मायका, ढिला स्क्रू किंवा नकली ट्रान्झिस्टर. जंपर मारला की ही खिडकीच बंद.

एक सांगायचं राहिलं. हे रजिस्टर ट्रान्झिस्टरांमधली वाटणी सांभाळतात, सगळ्या स्टेजचा बायस सांभाळत नाहीत. तिन्हीवरचे आकडे एकदम मिळून वाढत चालले असतील तर बायसचा छोटा ट्रान्झिस्टर, बहुतेक बीडी १३९, हीटसिंकला टेकलेला आहे का ते बघा. रिपेअरिंगनंतर तो हवेत लोंबकळत ठेवलेले अँप्लिफायर मी पुष्कळ बघितलेत. आणि वरचे आकडे ६० व्होल्टचे आहेत. रेल ९० ची असेल तर धक्का दीडपट होतो, तिथे ०.३३ किंवा ०.४७ घाला. मॉसफेटला हे नको असं कुणी सांगेल, तेही सरसकट खरं नाही; साधे स्विचिंगचे मॉसफेट कमी करंटवर असेच एकमेकांवर चढतात.

०.२२ मिळत नसेल तर ०.४७ चे दोन पॅरलल करा, ०.२३५ होतो, मस्त चालतो. तात्यांच्या खालच्या ड्रॉवरमध्ये त्या दिवशी ०.४७ ची अख्खी पिशवी होती. हे मला तेव्हा सुचलं नाही, आणि त्यांना सुचवून घ्यायचं नव्हतं.

तेव्हा तुम्ही जंपर मारला असेल तर काढा, रजिस्टर लावा, इनपुट शॉर्ट करून दहा मिनिटं तापू द्या आणि तिन्हीवरचे मिलीव्होल्ट इथे लिहा. एकच जास्त दाखवत असेल तर त्याचा मायका काढून बघा. तेवढ्यापुरतं तात्यांचं म्हणणं मला मान्य आहे.