प्रश्नोत्तरे : पुरवठादाराशी तारखेची बोलणी

प्रश्न : पुरवठादार दर आठवड्याला नवी तारीख देतो. विलंबदंडाची आठवण करून दिली तरी फरक पडत नाही. आता काय करावे?

प्रशिक्षणवर्गात मी यासाठी एक प्रसंग दोघांकडून वठवून घेतो. दूध शीतकरण केंद्रासाठी चोवीस लाखांचे विद्युत पॅनेल मागवले आहे. ते 23 सप्टेंबरला यायचे होते, पण महिन्याच्या सुरुवातीलाच पुरवठादार 28 ऑक्टोबर सांगतो. करारात दर आठवड्याला अर्धा टक्का दंड असला, तरी पाच आठवड्यांचा दंड जेमतेम साठ हजार होतो. त्याने तो मनातल्या मनात केव्हाच सोसलेला असतो, म्हणूनच धमकीचा परिणाम होत नाही. वर्गात पहिल्यांदा भूमिका करणारा व्यवस्थापक बहुधा 'नक्की कधी देणार ते सांगा' एवढेच विचारत राहतो आणि त्याला आणखी एक तारीख मिळते. दुसऱ्या फेरीत मी त्याला तारखेऐवजी कामाबद्दल विचारायला सांगतो.

व्यवस्थापक : सांगाड्याचे पत्राकाम झाले का?
पुरवठादार : झाले साहेब, पावडर कोटिंगही या आठवड्यात उरकेल.
व्यवस्थापक : मग वायरिंग कशावाचून थांबेल?
पुरवठादार : मुख्य ब्रेकर दहा ऑक्टोबरच्या आधी येत नाही.
व्यवस्थापक : तो आल्यावर जोडणी आणि चाचणीला किती दिवस?
पुरवठादार : दहा-बारा.
व्यवस्थापक : म्हणजे बावीस तारीख झाली. वरचे सहा दिवस कशासाठी? आणि ब्रेकर कंपनीकडे तयार नाही, की तुम्हाला सोडत नाहीत?

इथे पुरवठादाराची भूमिका करणाऱ्याने थोडे थांबायचे असते, कारण त्याच्या कागदावर लिहिलेले गुपित असे आहे की जुनी थकबाकी असल्यामुळे ब्रेकर कंपनी पावणेतीन लाख आगाऊ मागते आहे. अडचण पैशांची आहे हे कळले की बोलण्याचा विषयच बदलतो. व्यवस्थापक ती रक्कम ब्रेकर कंपनीला थेट देण्याची तयारी दाखवतो, मात्र ती पॅनेलच्या बिलातून वळती होईल अशी पुरवठादाराची लेखी संमती आधी घेतो. त्याबदल्यात तो दोन गोष्टी मागतो. पॅनेलची बेस फ्रेम आणि केबल आत घेण्याच्या पट्ट्या ठरल्याप्रमाणे 23 सप्टेंबरलाच साइटवर याव्यात, म्हणजे पाया आणि केबल ओढण्याचे काम खोळंबणार नाही. पॅनेल स्वतः 8 ऑक्टोबरला यावे. ती तारीख पाळली तर दंड माफ, चुकली तर 23 सप्टेंबरपासून मोजला जाईल. माफी अशी सशर्त ठेवली नाही, तर पुरवठादाराला दुसऱ्यांदा घाई करण्याचे कारण उरत नाही.

या उपायालाही मर्यादा आहे. ब्रेकर खरोखरच तयार नसेल तर आगाऊ रक्कम केवळ अडकून पडते. म्हणून पैसे देण्यापूर्वी ब्रेकर कंपनीकडून माल पाठवण्याची तारीख स्वतः लेखी घ्यावी.

प्रश्न : पुरवठादाराला गरजेपेक्षा पंधरा दिवस आधीची तारीख सांगणे योग्य आहे का?

एकदाच चालते. पॅनेल घेऊन आलेल्या फिटरला खोलीचे प्लास्टरही झालेले नाही हे दिसले, की पुढच्या प्रत्येक ऑर्डरमध्ये पुरवठादार तुमच्या तारखेत ते पंधरा दिवस मिळवून चालतो. त्यापेक्षा खरी तारीख तिच्या कारणासह सांगावी, उदाहरणार्थ 15 ऑक्टोबरला ट्रान्स्फॉर्मर चालू करायचा आहे म्हणून. मधली सवड आपल्या वेळापत्रकात ठेवावी. ती पुरवठादाराला सांगायलाच हवी असे नाही.

प्रश्न : आम्ही उशिरा आलेला माल निमूटपणे घेतला. आता भरपाई मागता येईल का?

अवघड आहे. भारतीय करार कायदा, 1872 याच्या कलम 55 नुसार, वेळ हा कराराचा गाभा असताना उशिराची पूर्तता स्वीकारली आणि स्वीकारतेवेळी भरपाई मागण्याचा इरादा कळवला नाही, तर त्या उशिराबद्दल नंतर भरपाई मागता येत नाही. म्हणून 'माल स्वीकारत आहोत, विलंबाबद्दलचे हक्क राखून' असे पत्र त्याच दिवशी जावे. ई-मेलवर नवी तारीख मान्य करतानाही हे वाक्य असावे, कारण नुसते 'ठीक आहे' पुढे मुदतवाढ म्हणून दाखवले जाते. शिवाय कलम 74 प्रमाणे करारात लिहिलेली दंडाची रक्कम ही भरपाईची कमाल मर्यादा असते. वाजवी भरपाई त्याहून कमीही ठरू शकते.

प्रश्न : आमच्याकडूनही त्याचे मागचे बिल थकले आहे. तरी तारखेसाठी ताठर राहावे का?

आधी लेखा विभागाकडे जावे. पुरवठादार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर 2006 च्या कायद्याप्रमाणे माल स्वीकारल्यापासून फार तर 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात. लेखी करार नसेल तर ही मुदत 15 दिवसांचीच आहे. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. पुरवठादार अनुभवी असेल तर दंडाचा विषय निघताच तो हे व्याज पुढे करील. तेव्हा निदान वाद नसलेली रक्कम चुकती करून मगच तारखेची बैठक बोलवावी.