‘तरी’च्या पुढचं वाक्य उचला आणि वर ठेवा

प्रश्न: मी वाशिम जिल्ह्यात एका शेतकरी उत्पादक कंपनीचं संकलन केंद्र पाहते. आमचे मॅनेजर साहेब नागपूरला बसतात. केंद्रावरचा ओलावा मापक बिघडला म्हणून नवीन घ्यायची मंजुरी मागणारा मेल पाठवला, सगळं नीट समजावून, चांगला 28 ओळींचा. उत्तर आलं, ‘माहिती मिळाली, धन्यवाद.’ मंजुरीचं नावच नाही. मेल सोबत देत आहे. चुकलं काय, आणि पुन्हा लिहू तर कसा?

उत्तर: ताई, तुमच्या साहेबांनी टाळाटाळ केली असं मला वाटत नाही. त्यांनी तुमचा मेल अहवाल समजून वाचला. मागणी दिसली असती तर ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘अजून एक कोटेशन पाठवा’ यातलं काहीतरी आलं असतं. मी बरीच वर्षं अमरावती भागात खरेदी केंद्रांचे मेल वाचण्याच्या जागेवर होतो आणि ‘माहिती मिळाली’ हे उत्तर मीही कित्येकांना पाठवलं आहे. सकाळी सात-आठ केंद्रांचे मेल यायचे, मी गाडीत असायचो, फोनवर वरच्या चार-पाच ओळी वाचायचो. त्यात कोणी काही मागितलेलं दिसलं नाही की धन्यवाद लिहून मोकळा. नंतर केंद्रावरून फोन यायचा, ‘साहेब, काहून काहीच कळवलं नाही जी?’ मग मेल पुन्हा उघडायचा, आणि मागणी खाली कुठेतरी सापडायची.

तुमचा मेल सुरू होतो असा: ‘आदरणीय सर, सादर नमस्कार. वरील विषयास अनुसरून आपणास कळविण्यात येते की, आपल्या केंद्रावर मागील हंगामापासून सोयाबीन संकलनाचे काम सुरळीत सुरू असून…’ आणि मागणी येते पंचविसाव्या ओळीत: ‘तरी वरील सर्व बाबींचा विचार करून लवकरात लवकर योग्य ती कार्यवाही व्हावी, ही नम्र विनंती.’

हा साचा आपल्या सगळ्यांच्या हातात शाळेतल्या रजेच्या अर्जापासून बसलेला आहे. आधी कारण, मग आणखी कारण, मग ‘तरी’, आणि ‘तरी’नंतर मागणी. ग्रामपंचायत, तहसील, बँक, सगळीकडे तोच चालतो. तिथं तो चालतो, कारण अर्ज देणारा माणूस खिडकीसमोर उभा असतो. कागद पुढे करायच्या आधीच तो तोंडानं सांगतो, ‘साहेब, उत्पन्नाचा दाखला पाहिजे होता.’ मागणी तोंडी होऊन जाते, कागद फाईलला लागतो. मेलच्या वेळी तुम्ही खिडकीसमोर नसता. म्हणून जे तुम्ही तोंडानं म्हटलं असतं तेच मेलचं पहिलं वाक्य करायचं.

त्यात आपल्या भाषेचीही थोडी भर पडते. मराठीत क्रियापद शेवटी येतं. ‘मापक बिघडल्यामुळे व शेतकऱ्यांची गैरसोय होत असल्यामुळे व हंगाम तोंडावर असल्यामुळे नवीन मापक मिळावा’ असं एकच वाक्य केलं, तर मागणी पहिल्या वाक्यात असूनही ती तिसऱ्या ओळीत पोचते. ‘मुळे’ची साखळी तोडा. मागणीचं वाक्य एकटं ठेवा, कारण पुढच्या वाक्यात द्या.

आता काम सोपं आहे. लिहिलेल्या मसुद्यात ‘तरी’ शोधा आणि त्याच्या पुढचं वाक्य उचलून ‘सर,’ च्या लगेच खाली ठेवा. तुमच्या मेलमध्ये हे करून पाहिलं तर एक गंमत दिसते. वर आणलेल्या वाक्यातही मागणी नाहीच! ‘योग्य ती कार्यवाही’ म्हणजे कोणती? दुरुस्ती? नवा मापक? कोणीतरी येऊन पाहावं? रक्कम फक्त जोडलेल्या कोटेशनमध्ये आहे, आणि ‘लवकरात लवकर’ला तारीख नसते. खरं सांगायचं तर 28 ओळींपेक्षा हे जास्त नडलं. लांबलचक मेलमध्ये मागणी पुष्कळदा पुसट असते आणि आजूबाजूच्या मजकुरामुळे ती पुसट असल्याचं लिहिणाऱ्यालाच कळत नाही. तीन गोष्टी ठरवल्याशिवाय ते वाक्य लिहिताच येत नाही: साहेबांनी नेमकं काय करायचं, किती रुपयांचं, आणि कोणत्या दिवसापर्यंत.

तुमच्याच मजकुरातून आणि कोटेशनमधून मी असं जुळवलं:

‘सर, नवीन ओलावा मापकासाठी 18,500 रुपये खर्च करायला आपली मंजुरी हवी आहे, गुरुवारी संध्याकाळी 5 पर्यंत.
सोमवारी खरेदी सुरू होते, आणि जुना मापक एकाच पोत्यातल्या सोयाबीनला कधी 11 तर कधी 14 टक्के ओलावा दाखवतो.’

या दोन ओळींवर साहेब गाडीत बसून ‘हो’ लिहू शकतात. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनला 12 टक्के ओलाव्याची मर्यादा असते, हे तुम्ही मूळ मेलमध्ये पाच ओळींत समजावलं आहे. साहेबांना ते तुमच्या-माझ्या आधीपासून माहीत आहे. 11 आणि 14 हे दोन आकडे शेजारी ठेवले की 12 कुठे पडतात ते त्यांना आपोआप दिसेल. एका आकड्यावर माल घ्यायचा, दुसऱ्यावर परत पाठवायचा, आणि माल तोच.

त्याखाली काय ठेवायचं? ‘हो’ म्हणायच्या आधी साहेब जे विचारतील तेवढंच. दुरुस्ती का नाही? दर कुठून आणला? आणणार कोण? तुमच्या मेलमध्ये तिन्हीची उत्तरं आहेत, पण अकराव्या, एकोणिसाव्या आणि बाविसाव्या ओळीत विखुरलेली. ती अशी एकत्र करा:

‘दुरुस्तीला 12 दिवस लागतील असं अकोल्याच्या दुरुस्तीवाल्यांनी सांगितलं आहे. दोन दुकानांची कोटेशनं जोडली आहेत, 18,500 चं त्यातलं कमी दराचं आहे. मंजुरी मिळाल्यास शुक्रवारी मी स्वतः जाऊन मापक आणेन आणि शनिवारी चालवून पाहीन. मागच्या आठवड्यात रीडिंगवरून वाद होऊन दोन शेतकरी माल घेऊन दुसरीकडे गेले.’

झाला मेल. शेवटच्या वाक्याबद्दल थोडं बोलतो, कारण ते कापताना तुम्हाला जड जाईल. तुमच्या मूळ मेलमध्ये त्या वादाला नऊ ओळी आहेत. कोण काय बोललं, ट्रॉली किती वेळ फाटकात आडवी होती, सरपंचांना कसं बोलवावं लागलं. तुम्ही ते सोसलं आहे, म्हणून ते तुम्हाला मोठं वाटणारच. पण मंजुरीसाठी त्यातलं एकच उपयोगी आहे, ते म्हणजे माल गेला. बाकीचं साहेब केंद्रावर आले की चहासोबत सांगा, तेव्हा ते जास्त नीट ऐकतील. मागच्या वर्षीच्या भेटीत त्यांनी केलेल्या मार्गदर्शनाचे आभार आणि ‘अमूल्य वेळ घेतल्याबद्दल क्षमस्व’ हे तर बिनधास्त उडवा. वेळ घेतल्याची माफी मागायला आणखी दोन ओळींचा वेळ घ्यायचा, हे मला कधी समजलं नाही.

असं थेट लिहिलं तर उद्धट दिसेल अशी धास्ती असते, आणि ती खोटी नाही. ‘मंजुरी द्या’ हे खरंच हुकूम सोडल्यासारखं वाटतं. पण मराठीत आदर क्रियापदात बसतो, त्याला वेगळा परिच्छेद लागत नाही. ‘आपली मंजुरी हवी आहे’, ‘मंजुरी द्यावी’, ‘मंजुरी द्याल का?’ यातलं तुमच्या साहेबांना जे शोभेल ते घ्या. आपण बोलताना एका ‘जी’मध्ये भागवतोच की.

विषयाची ओळ विसरू नका. फोनवर मेल येतो तेव्हा पाठवणाऱ्याचं नाव, विषय आणि मजकुराचे सुरुवातीचे काही शब्द एवढंच आधी दिसतं. तुमचा विषय होता ‘संकलन केंद्रावरील अडचणींबाबत’, आणि खाली दिसलं असणार ‘आदरणीय सर, सादर नमस्कार. वरील विषयास…’ यावरून कोणीही तो संध्याकाळवर टाकेल. त्याऐवजी लिहा: ‘मंजुरी हवी: ओलावा मापक, 18,500 रुपये, गुरुवारपर्यंत’. सरकारी कार्यालयाला पत्र जात असेल तर संदर्भ क्रमांक, ‘महोदय’ हा साचा मोडू नका, तिथं तो लागतोच. पण विषयाच्या ओळीत मागणी लिहायला तिथंही कोणाची मनाई नसते.

कापण्याचा अतिरेकही होतो, तो मी केला आहे. हे तंत्र नवीन शिकलो तेव्हा मी वरिष्ठांना एक ओळीचा मेल टाकला, ‘सर, 40 ताडपत्र्यांची मंजुरी द्यावी.’ मोठ्या हुशारीत. उत्तर आलं, ‘कशासाठी?’ मी ते लिहिलं. मग ‘जुन्या कुठे गेल्या?’ मग ‘दर काय?’ असे चार दिवस गेले आणि तिसऱ्या रात्री आलेल्या पावसात आवारातली तुरीची थप्पी खालून भिजली. तेव्हापासून पाठवायच्या आधी मी वरच्या दोन ओळी वजनकाट्यावरच्या पोराला वाचून दाखवायचो आणि विचारायचो, ‘काय मागितलं? कधीपर्यंत? काहून?’ तिन्ही सांगता आलं तर मेल पाठवायचा. तो अडखळला की ओळी पुन्हा लिहायच्या.

तुमच्या मेलच्या तळाशी गोदामाच्या दाराच्या कडीचाही उल्लेख आहे. तो यातून काढा. एका मेलमध्ये दोन मागण्या असल्या की सोपी असेल तिला उत्तर मिळतं आणि दुसरी राहून जाते. कडीचा मेल पुढच्या आठवड्यात वेगळा करा.

आणि ‘गुरुवारपर्यंत उत्तर न आल्यास मंजुरी आहे असे समजते’ असं कोणी सुचवलं तर ऐकू नका, पैशाच्या बाबतीत ते अंगाशी येतं. त्याऐवजी मंजुरी नसेल तर तुम्ही काय करणार ते लिहा: ‘तोपर्यंत शेजारच्या केंद्राचा मापक मागून आणता येईल, पण तो दुपारी 2 नंतरच मिळतो, म्हणजे सकाळची खरेदी बंद ठेवावी लागेल.’ इथं साहेबांना 18,500 रुपये एका बाजूला आणि रोजची अर्धी खरेदी दुसऱ्या बाजूला ठेवून निर्णय घेता येतो.

हा मेल जुन्या मेलच्या उत्तरात जोडू नका, नव्या विषयानं नवा पाठवा, नाहीतर त्या 28 ओळी पुन्हा शेपटासारख्या मागे येतील. आजच टाका. बुधवारी संध्याकाळपर्यंत उत्तर नाही आलं तर फोन लावा, आणि फोनवरही ‘सर, कसे आहात’च्या लगेच पुढे 18,500 च्या मंजुरीचं वाक्य येऊ द्या. ट्रॉलीची गोष्ट त्यांनी विचारली तरच.