कोल्हापुरी चपला, कंदी पेढे आणि 12 ते 18 दिवस: पैसे भरण्याआधी काय तपासायचं

प्रश्न: इन्स्टाग्रामवर एका दुकानाची जाहिरात सारखी येते. कोल्हापुरी चपला 899 रुपये, साताऱ्याचे कंदी पेढे अर्धा किलो 449 रुपये. फोटो सुंदर आहेत, पण तेच फोटो दुसरीकडेही पाहिल्यासारखे वाटतात आणि माल पोचायला 12 ते 18 दिवस लागतील असं लिहिलंय. हे ड्रॉपशिपिंगचं दुकान आहे का, हे आधी कसं ओळखायचं?

पेढे मागवू नका. चपलांचा निर्णय दहा-पंधरा मिनिटांच्या तपासणीनंतर घ्या. दोन्ही ठिकाणी शोधायचं एकच: ते 12 ते 18 दिवस नेमके कुठे जाणार आहेत?

ड्रॉपशिपिंगमध्ये दुकानदाराकडे माल नसतो. तुमची ऑर्डर आली की तो ती दुसऱ्या पुरवठादाराला देतो आणि तो पुरवठादार तुमच्या पत्त्यावर परस्पर पार्सल पाठवतो. हा धंदा बेकायदा नाही. पण अशा दुकानदाराने विकलेली वस्तू स्वतः कधी हातात घेतलेली नसते. पुरवठादाराकडे ती शिल्लक आहे का, हेही त्याला ऑर्डर आल्यावरच कळतं. म्हणून तो मुदत लांबलचक ठेवतो आणि सगळ्या वस्तूंना एकच ठेवतो. चप्पल, पेढे, पितळी समई, सगळ्यांना 12 ते 18 दिवस लिहिलेले दिसले, तर ती मुदत वस्तूची नसून दुकानदाराच्या सोयीची आहे.

आता पेढ्यांचा हिशोब बघा. कंदी पेढ्याचा खवा खरपूस भाजलेला असतो, म्हणून तो साध्या पेढ्यापेक्षा जास्त टिकतो. तरी खास हवाबंद पॅकिंग नसेल, तर बाहेरच्या तापमानाला आठवडा-दहा दिवसांच्या पुढे त्याचा भरवसा धरू नये. त्यात ऑनलाइन विकलेला खाद्यपदार्थ ग्राहकाच्या हातात पडताना त्याची टिकण्याची निदान 30 टक्के मुदत शिल्लक असावी, अशी एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, सूचना आहे. म्हणजे दहा दिवस टिकणारा पेढा सातव्या दिवसाच्या आत तुमच्या घरी यायला हवा. साताऱ्याचं पार्सल पुण्या-मुंबईला एक-दोन दिवसांत पोचतं. उरलेल्या दिवसांत पेढे एक तर बनलेलेच नसतील किंवा कुठल्या तरी गोदामात पडून असतील. खरा मिठाईवाला उलट लिहितो: ‘सोमवार आणि गुरुवारी पाठवतो, तीन दिवसांत पोचेल, त्यापेक्षा लांबच्या पिनकोडला देत नाही.’ लांबच्या गावाला नकार देणारं दुकान सहसा स्वतःच पेढे बनवणारं असतं.

खाण्याच्या वस्तूसाठी आणखी एक पक्की तपासणी आहे. विक्रेता कितीही लहान असला, घरून फराळ विकणारा असला, तरी त्याला एफएसएसएआयचा 14 अंकी क्रमांक लागतो. पहिला अंक 1 असेल तर तो परवाना, 2 असेल तर लहान व्यावसायिकाची नोंदणी. पुढचे दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे 15. त्यामुळे इथल्या मिठाईवाल्याचा क्रमांक साधारणपणे 115 किंवा 215 ने सुरू होतो. केंद्रीय परवाना 100 ने सुरू होतो. पण नुसता क्रमांक दिसला म्हणून थांबू नका, कारण दुसऱ्याचा क्रमांक उचलून खाली चिकटवणं अगदी सोपं आहे. foscos.fssai.gov.in वर तो शोधा आणि तिथलं नाव, पत्ता आणि परवाना चालू आहे की नाही हे दुकानाच्या माहितीशी ताडून पाहा. दुकान ‘साताऱ्याची परंपरा’ म्हणतं आणि क्रमांक भलत्याच राज्यातल्या कुणाच्या तरी नावावर निघतो, तर विषय तिथेच संपला. क्रमांकच नसेल तर तपासण्यासारखं काही उरतच नाही.

चपलांचं तसं नाही. हाताने केलेल्या वस्तूला खरोखरच वेळ लागतो आणि लांब मुदत पाहून प्रामाणिक कारागिराला नाकारणं हा त्याच्यावर अन्याय आहे. फक्त त्याचे दिवस पाठवण्यात जात नाहीत, बनवण्यात जातात, आणि कशात किती ते त्याला सांगता येतं: तुमच्या मापाचा तळ कापायचा, पट्टे आणि वेणी करायची, चामड्याच्या वादीने शिवायचं, मग पॉलिश. विचारल्यावर तो म्हणेल की 7 नंबर तयार आहे, उद्या पाठवतो, पण 10 नंबर करून घ्यावा लागेल, त्याला दोन आठवडे लागतील. मापागणिक उत्तर बदललं तर पलीकडच्या माणसाला आपल्या मालाची खबर आहे असं समजा. ड्रॉपशिपरचं उत्तर सगळ्या मापांना एकच असतं आणि ते येतंही उशिरा, कारण त्यालाही ते कुणाला तरी विचारावं लागतं.

फोटो तपासताना बहुतेकांची चूक होते. चपलेचा पूर्ण फोटो गुगल लेन्समध्ये टाकला की तशाच दिसणाऱ्या शेकडो कोल्हापुरी समोर येतात आणि त्यातून काहीच ठरत नाही. त्याऐवजी स्क्रीनशॉट घ्या आणि शोधाची चौकट फोटोतल्या एखाद्या खास खुणेवर आणा. फरशीची नक्षी, मागच्या घोंगडीची घडी, चामड्यावरचा एखादा डाग, असं काहीही चालेल. तीच फरशी, तीच घडी आणि तोच डाग दुसऱ्या नावाच्या दुकानात सापडला, तर फोटो तोच आहे. जुळणी मिळाली नाही तर फोटो आडवा उलटा करून, म्हणजे डावं उजवं बदलून, पुन्हा शोधा. चोरलेले फोटो असे फिरवून टाकण्याची पद्धत आहे. कडेला विचित्र कापलेला फोटो दिसला तर तिथे मूळ दुकानाचं नाव होतं का, अशी शंका घ्यायला हरकत नाही. tineye.com वर निकाल ‘Oldest’ प्रमाणे लावले की फोटो सर्वांत आधी कुठे सापडला ते दिसतं. त्याला इन्स्टाग्रामच्या आतलं सहसा दिसत नाही. त्यामुळे तिथे काही मिळालं नाही म्हणजे फोटो अस्सल, असं धरू नका.

जुळणी मिळाल्यावरही लगेच निकाल देऊ नका. दुकानाने कारागिराच्या परवानगीने त्याचे फोटो घेतलेले असू शकतात. मग ते कारागिराचं किंवा निदान गावाचं नाव सांगेल. तेही सांगत नसेल तर ताजा फोटो मागा. मी असा मजकूर सुचवेन:

‘7 नंबरचा जोड हवा आहे. तळाचा आणि बाजूच्या शिवणीचा फोटो पाठवा, शेजारी आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवा. तळ चामड्याचा आहे का? शिवण वादीची आहे की धाग्याची?’

हा प्रश्न मुद्दाम असा आहे. पारंपरिक कोल्हापुरीचा तळ चामड्याचा असतो आणि तो चामड्याच्याच वादीने शिवलेला असतो, खिळ्यांशिवाय. नकली जोडात बहुतेक वेळा वरचा पट्टा रेक्झिनचा, तळ रबराचा किंवा दाबलेल्या पुठ्ठ्यासारखा आणि जोड गोंदाने चिकटवलेला असतो. हे सगळं वरून काढलेल्या फोटोत लपतं आणि बाजूने काढलेल्या फोटोत उघडं पडतं. कडेला चामड्याचे थर आणि वादीचे टाके दिसायला हवेत. ज्याच्याकडे जोड आहे त्याला असा फोटो काढायला पाच मिनिटं लागतात. ‘सर, फोटोसारखंच मिळेल’ असं उत्तर आलं, किंवा चिठ्ठीशिवाय दुसराच चकचकीत फोटो आला, तर त्याच्याकडे जोड नाही.

दुकान कोणत्या व्यवस्थेवर चालतं तेही बघता येतं. अशी बरीच दुकानं शॉपिफाय या ऑनलाइन दुकानाच्या तयार व्यवस्थेवर असतात आणि तिथे मालाची यादी बहुधा उघडी असते. खाली example.com च्या जागी दुकानाचा पत्ता टाका आणि ब्राउझरमध्ये उघडा:

```
https://example.com/products.json?limit=250
```

उघडलेल्या मजकुरात `created_at` आणि `vendor` शोधा. चपला, समया, पैठणीच्या पर्स आणि मोबाइलचे स्टँड असे दोनशे नग एकाच दिवशी काही मिनिटांत चढवलेले दिसले, तर ती यादी कुठून तरी एकगठ्ठा आणली आहे. `vendor` समोर कधी कधी पुरवठादाराचं नावही राहून गेलेलं असतं. खरा दुकानदारही एक्सेलमधून माल एकदम चढवू शकतो, म्हणून हा पुरावा एकटा पुरेसा नाही. वरच्या दोन गोष्टींना जोड म्हणून तो चांगला.

मग दुकानामागचा माणूस शोधा. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 प्रमाणे दुकानाने कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याची माहिती द्यायला हवी. खाली फक्त एक जीमेल आणि व्हॉट्सअॅप नंबर असेल तर तिथेच सावध व्हा. जीएसटी क्रमांक दिला असेल तर gst.gov.in वर ‘Search Taxpayer’ मध्ये टाका: नाव, पत्ता आणि नोंदणीची तारीख दिसते. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे 27. लहान कारागिराकडे जीएसटी नसणं हा दोष नाही. पण ‘1962 पासून’ असं मिरवणाऱ्या दुकानाची नोंदणी गेल्या महिन्यातली आणि पत्ता तिसऱ्याच राज्यातला निघाला, तर त्याने खुलासा करायला हवा. इन्स्टाग्रामवर नावाशेजारच्या तीन टिंबांमधून ‘About this account’ उघडलं की खातं कधीचं आहे आणि पूर्वी किती वेळा नाव बदललं ते बऱ्याच खात्यांसाठी दिसतं.

लांब मुदतीचा एक तोटा लोकांच्या लक्षात येत नाही. वरच्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे माल सदोष, नकली, जाहिरातीपेक्षा वेगळा किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर आला, तर विक्रेता परत घ्यायला नकार देऊ शकत नाही, मग साइटवर ‘नो रिटर्न’ लिहिलेलं असलं तरीही. पण मुदतच 18 दिवसांची लिहिली असेल तर उशीर झाला असं म्हणायला तुम्हाला एकोणिसावा दिवस उजाडावा लागतो. तोवर दुकानाचं पान बंद झालेलं असू शकतं. म्हणून ‘कॅश ऑन डिलिव्हरी आहे, पण 149 रुपये आगाऊ भरा’ या अटीला भुलू नका. बऱ्याचदा तेवढीच रक्कम गोळा करण्यासाठी पान चालवलेलं असतं.

ऑर्डर आधीच दिली असेल तर ट्रॅकिंगमध्ये पार्सल पहिल्यांदा कुठे स्कॅन झालं ते बघा. कोल्हापूरचा म्हणून घेतलेला जोड सुरत किंवा दिल्लीहून निघाला असेल, तर उत्तर मिळालं. क्रमांक मिळूनही पाच-सहा दिवस ‘लेबल तयार’ एवढंच दिसत असेल, तर तुम्हाला गप्प बसवण्यासाठी नुसतं लेबल काढलं आहे. रद्द करण्याची मागणी लगेच ईमेलने करा, म्हणजे तारीख नोंदली जाते. तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. पान गायब होऊन पैसे बुडाले असतील, तर वाट न पाहता 1930 वर फोन करा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. पार्सल आलंच तर उघडण्याआधीपासून सलग व्हिडिओ काढा, लेबलवरचा पाठवणाऱ्याचा पत्ता त्यात स्पष्ट येऊ द्या.

आणि चपला हव्याच असतील तर फोटोच्या शोधात जो सर्वांत जुना निकाल सापडला, तो उघडून बघा. अनेकदा तोच मूळ कारागीर किंवा त्याचं दुकान असतं. तारखेच्या चिठ्ठीचा तोच प्रश्न त्याला पाठवा आणि जोड त्याच्याकडूनच घ्या.